मुलाखतीआधी बाकावर बसलेली मृणाल: मनातलं आणि हातातलं एकत्र कसं लिहावं?

सुरंगी (मालवण)

कथेतला एक प्रसंग अडलाय. मृणाल, वय चोवीस, मत्स्यशास्त्रातली पदवी, वडील मालवणचे मच्छीमार. रत्नागिरीला मत्स्य खात्यात कंत्राटी पदाच्या मुलाखतीला पहाटेच्या एसटीने आलीय. मे महिना. तिचा नंबर सातवा. मुलाखत मला दाखवायचीच नाही, फक्त बाहेरच्या पडवीतली वाट पाहणं दाखवायचंय. साधारण आठशे शब्द. आत्ताचा मजकूर असा आहे:

> मृणाल बाकावर बसली होती. तिचं हृदय जोरजोरात धडधडत होतं. 'मला जमेल का? हे लोक काय विचारतील? निवड झाली नाही तर बाबांना काय सांगू?' असे असंख्य विचार तिच्या मनात थैमान घालत होते. तिने घड्याळात पाहिलं. साडेअकरा वाजले होते. तिने फाइल उघडून कागदपत्रं तपासली. सगळी होती. 'आता माझं नाव कधी पुकारतील?' असा विचार करत ती पुन्हा घड्याळाकडे पाहू लागली.

वाचताना एक ओळ मनाची, एक ओळ बाहेरची असं आळीपाळीने चाललंय, आणि दोन्ही एकमेकांना लागतच नाहीत. काय करावं?

भरतीओहोटी

सोपं आहे. प्रथमपुरुषी करा, वर्तमानकाळात करा, अवतरणचिन्हं काढून टाका आणि वाक्यं तोडा. 'मी बसलेय. घसा कोरडा. घड्याळ. साडेअकरा. अजून तीन जण.' घाबरलेलं माणूस पूर्ण वाक्यांत विचार करत नाही. मोठी वाक्यं सगळी छाटा, प्रसंग आपोआप उभा राहील.

कातळ (राजापूर)

भरतीओहोटी, अवतरणचिन्हं काढण्याबद्दल सहमत. बाकीच्याबद्दल अर्धंच. चिंतेतलं मन तुटक बोलतं तसं लांबलचकही वाहतं. एका काळजीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी, आणि पूर्णविराम द्यायला जागाच सापडत नाही. आठशे शब्द नुसती तुटक वाक्यं लिहिलीत तर तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचकाला ती तारेची भाषा वाटू लागते आणि ताण निघून जातो. लांब वाक्य वाहत असताना बाहेरून काहीतरी येऊन ते तोडतं, तिथे तुटक वाक्य हवं. त्याला कारण असतं म्हणून ते लागतं.

सुरंगी, तुमच्या उताऱ्यात जोड कुठे सुटलीय हे बघायला एक पडताळा आहे. विचारांची सगळी वाक्यं खोडून उरलेलं वाचा. बसली, घड्याळ पाहिलं, फाइल तपासली, घड्याळ पाहिलं. ही बाई एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत असली तरी चालेल. आता उलट करा, कृती खोडून फक्त विचार वाचा. जमेल का, काय विचारतील, बाबांना काय सांगू, कधी पुकारतील. हे सलग नीट वाचता येतं, मधे काही गळलंय असं वाटतच नाही. दोन्ही बाजू एकमेकींवाचून धडधाकट उभ्या राहतात, म्हणजे त्या कुठे जोडलेल्याच नव्हत्या. प्रसंग जमला असेल तर कृती काढल्यावर विचार कळेनासे व्हायला हवेत आणि विचार काढल्यावर ती बाई हे असं का करतेय असं वाटायला हवं.

ते जमण्यासाठी विचाराने हातातलं काम बिघडलं पाहिजे आणि कामाने विचार मोडला पाहिजे. घड्याळ बघणं हे काम नव्हे. त्याला लक्ष लागत नाही, मग बिघडणार काय? थोडं लक्ष लागेल असं काम तिच्या हातात द्या. फाइल तुम्ही आणलेलीच आहे, तीच वापरा:

> शिपायाने वहीत बघून चौथं नाव पुकारलं. मृणालने झेरॉक्सच्या संचाची टाचणी काढली. आधी पदवी, मग बारावी, का आधी बारावी? कागदपत्रं क्रमाने लावावीत असं जाहिरातीत होतं, कसल्या क्रमाने ते नव्हतं. तिने पदवी वर घेतली, बारावी खाली, दहावी त्याच्याही खाली, आणि मग रहिवासी दाखला कुठे जाणार? टाचणी दातांत धरलेली. आतून कुणी बाहेर आलं आणि असं बघितलं तर? तिने ती काढून ओढणीला खोचली.

इथे 'तिला भीती वाटत होती' कुठेच नाही. दाखल्याच्या क्रमावर कुणाचीही नोकरी अडत नाही हे वाचकाला दिसतं, तिला दिसत नाही. भीती आहे ती त्या फरकात. आणि टाचणी आता ओढणीत आहे. नाव पुकारल्यावर ती संच लावायला टाचणी शोधणार, हे वाचकाच्या लक्षात आहे आणि तिच्या नाही. पुढचे सहाशे शब्द वाचकाला धरून ठेवायला तेवढं पुरतं.

भरतीओहोटी

पण तुमच्या उताऱ्यात 'आधी पदवी, मग बारावी' हा विचार तिचा की लेखकाचा हे कसं कळणार? ना अवतरण, ना 'असं तिला वाटलं'. म्हणून तर प्रथमपुरुष बरा म्हटलं. तिथे हा प्रश्नच येत नाही.

कातळ

प्रथमपुरुषात प्रश्न येत नाही हे खरं. पण त्यात दुसरी अडचण आहे. 'टाचणी मी दातांत धरली आहे' असं मृणालने स्वतः सांगितलं की तिला ते माहीत आहे असं होतं. घाबरलेल्या माणसाचे हात त्याच्या नकळत काय काय करत असतात, ते बाहेरूनच दिसतं. तृतीयपुरुषात हात बाहेरून आणि मन आतून, दोन्ही एकाच परिच्छेदात दाखवता येतं. सुरंगींच्या या प्रसंगाला तेच हवंय.

विचार कुणाचा हे सांगायची सोय मराठीत आयती आहे. निवेदन भूतकाळात चालू असताना विचार आपल्या मूळ काळातच राहतो. 'शिपायाने दार लोटलं. आता पाचवा आत जाणार.' पहिलं वाक्य घडून गेलेलं, दुसरं घडायचं. दुसरं तिच्या मनातलं आहे हे कोणत्याही वाचकाला न सांगता कळतं.

दुसरी सोय 'आपण'ची. 'आपला नंबर सातवा. म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी होईल.' इथे 'माझा' लिहिलं की निवेदन एकदम प्रथमपुरुषात उडी मारतं. 'तिचा' लिहिलं की लेखक बोलू लागतो. 'आपला' लिहिलं की आपण तिच्या डोक्यात असतो आणि निवेदन जागचं हलत नाही.

तिसरी म्हणजे 'पाणी प्यावं का?', 'उठून विचारावं?' ही कर्ता नसलेली वाक्यं. चिंतेला ती फार चांगली बसतात, कारण त्यात ठरत काहीच नाही. मात्र पाठोपाठ तीन प्रश्न झाले की चौथा निष्प्रभ होतो. दोन प्रश्नांनंतर तिला काहीतरी करू द्या, भले चुकीचं करू द्या.

दर्याकाठ

सर्वांना नमस्कार. धागा अगदी वेळेवर दिसला. माझी पुढच्या आठवड्यात ओरोसला मुलाखत आहे. हे विचार थांबवायचे कसे, याचा काही उपाय कुणी सांगेल का? मला सगळ्यात त्रास होतो तो लघवीचा. जाऊन आलं तरी पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं, आणि आपण तिकडे गेलो की नेमकं तेव्हाच नाव पुकारतील म्हणून जाताही येत नाही. मग कानात तीच एक गोष्ट फिरत राहते.

आंबोशी (चिपळूण)

दर्याकाठ, हा धागा कथालेखनाचा आहे. पण एवढं सांगते, आत जायच्या आधी दाराशी जो कुणी असेल त्याला 'दोन मिनिटांत येते' किंवा 'येतो' असं सांगून जाऊन या. वाट पाहणाऱ्यांच्या बाबतीत ते सगळीकडे चालतं, आणि मूत्राशय भरलेलं नसतानाही असं वाटणं घाबरल्यावर नेहमीचं आहे.

सुरंगी, यांनी तुमचं काम सोपं केलंय. नर्सिंगमध्ये असल्यामुळे शरीराबाजूने थोडं लिहिते. 'हृदय धडधडत होतं' हे खोटं नाही, पण ते सगळेच लिहितात म्हणून वाचक त्यावरून घसरून पुढे जातो. घाबरल्यावर कातडीकडचा रक्तपुरवठा आखडतो, त्यामुळे मे महिन्यातसुद्धा बोटांची टोकं गार पडतात, आणि त्याच वेळी तळहाताला घाम असतो. गार आणि ओला असा तो हात असतो. लाळ कमी होते, म्हणून जीभ टाळूला लागते आणि बोलायला सुरुवात करताना पहिलं अक्षर चिकटतं. मग माणूस पाणी पितं, आणि मग पुन्हा तो लघवीचा प्रश्न.

क्रमही लक्षात ठेवा. दाराचा आवाज झाला की अंग आधी दचकतं, विचार नंतर येतो. 'आपलं नाव असेल असं वाटून ती दचकली' हे उलटं झालं. आधी ती अर्धवट उठलेली असते, मग कळतं की नाव दुसऱ्याचं आहे, मग परत बसायचं कसं हा प्रश्न.

कातळ

आंबोशी, शेवटचं वाक्य फार मोलाचं. अर्धवट उठल्यावर परत बसायचं कसं. तिथे ती ओढणी सारखी करायला उठल्यासारखं दाखवेल, आणि हात टाचणीला लागेल किंवा थोडक्यात चुकेल.

दर्याकाठ यांनी लिहिलंय त्यात प्रसंगाचा कणाच आहे. जावं तर नाव पुकारतील, न जावं तर बसवत नाही. दोन्ही बाजूंनी सारखंच वाईट, आणि ठरवायला वेळ मर्यादित. सुरंगी, तुमच्या मजकुरात नेमकं हे नाही. 'जमेल का' या प्रश्नावर बाकावर बसून करण्यासारखं काहीच नाही, म्हणून तो हवेत राहतो. 'आत्ता उठावं का' यावर करण्यासारखं आहे. मोठी भीती तशीच लिहायची नसते, ती अशा लहान निर्णयात उतरवायची असते. बाबांना काय सांगू हे ती एकदाही मनात म्हणाली नाही तरी चालेल.

आता घड्याळ. ते पूर्ण काढा आणि दाराला घड्याळ करा. कोण आत गेलं, कोण किती वेळाने बाहेर आलं. समजा चौथा आठ मिनिटांत बाहेर आला. मृणालला वाटेल, एवढ्यात? म्हणजे हे लोक दोन प्रश्नांत गार करतात. पाचवी वीस मिनिटं आत आहे. आता तिला वाटेल, एवढा वेळ? म्हणजे खोलात शिरतायत. लवकर सुटणं वाईट आणि उशीर होणंही वाईट, आणि आपण काही मिनिटांपूर्वी उलटं म्हणालो होतो हे तिच्या ध्यानातही नाही. चिंतेचा तर्क असाच चालतो, प्रत्येक खूण आपल्या विरुद्धच लागते. दोन्ही अर्थ परिच्छेदभर अंतराने लिहा आणि त्यांतला विरोध दाखवून देऊ नका. वाचक पकडतो.

पाणंद (वेंगुर्ला)

एक मुद्दा कुणीच काढला नाही. मृणाल मालवणची, मच्छीमाराच्या घरातली. ती मनातल्या मनात 'जाहिरातीत होतं, कसल्या क्रमाने ते नव्हतं' असं बोलेल का? तिच्या मनात 'काय इचारतले?', 'आता काय करू?', 'गप रव, तुका येता सगळा' असंच चाललेलं असणार. प्रमाण मराठी ती फक्त आतल्या लोकांसाठी तयार करून आलीय. हा फरक पुसला तर ती पुण्यातली कुणीही होईल.

खारफुटी (अलिबाग)

पाणंद, मी रायगडचा. मालवणी मला कळते, पण आठशे शब्द मनातलं सगळंच मालवणीत आलं तर वाचताना अडखळायला होईल, आणि अडखळणं तिच्या भीतीचं न राहता माझ्या भाषेचं होईल. शिवाय पदवीपर्यंत शिकलेली मुलगी विषयाचा विचार प्रमाण भाषेतच करते. मासेमारी बंदीचा नियम तिने पुस्तकातून पाठ केलाय, तो तिच्या डोक्यात मालवणीत कसा येईल?

पाणंद

नियम पुस्तकातला असेल, बंदी पुस्तकातली नाही. बंदी म्हणजे घरी होडी वर ओढलेली, झापांनी शाकारलेली, जाळी पडवीत. ती तिला लहानपणापासून माहीत आहे, आणि मालवणीतच माहीत आहे.

कातळ

दोघांच्याही म्हणण्यात दम आहे, आणि याच्यावरून भांडण्यापेक्षा हाच फरक प्रसंगात वापरता येईल. घोकलेलं उत्तर प्रमाण मराठीत असू द्या, ते ढासळू लागलं की मालवणी वर येऊ द्या. पण ढासळणं एकदम नको. एकच उत्तर तीनदा आणा, दर वेळी थोडं बदलून.

उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी. पहिल्यांदा येईल तेव्हा ते तयार उत्तर असेल, अगदी पुस्तकी: '1 जून ते 31 जुलै, असे एकसष्ट दिवस, माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र लक्षात घेऊन.' वाचकाला कळतं की मुलीला येतंय. दुसऱ्यांदा आकडा तपासणं सुरू होतं: जूनचे तीस, जुलैचे एकतीस, म्हणजे एकसष्ट. बरोबर. बरोबर ना? तिसऱ्यांदा, सहावा आत गेल्यावर, बेरीजही तिला पुरत नाही. जूनचे तीसच ना? मग ती फाइलखाली मूठ वळते आणि उंचवट्यांवर महिने मोजते. जानेवारी उंचावर, फेब्रुवारी खळगीत, असं करत जून खळगीत येतो आणि जुलै करंगळीच्या उंचवट्यावर.

मूठ मोजणं हे मला सगळ्यात जास्त पटतं, कारण तिथे विचार आणि कृती वेगळे काढताच येत नाहीत. हात हलतोय तोच विचार आहे. आणि शेजारी बसलेल्याने बघितलं की तिला ते थांबवावं लागेल, कुठल्या तरी महिन्यावर, मधेच. सहा महिने मोजून सातवा राहिला की आकडा परत लटकला.

ज्ञान कमी पडलंय म्हणून ती अडत नाहीये, हे मात्र सांभाळा. 1981 चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 2021 ची त्यातली सुधारणा, राज्याची बारा सागरी मैलांची हद्द, हे तिला येतं. ते सगळं उताऱ्यात ओतू नका, एखादंच येऊ द्या. लेखकाने माहिती जमवली की ती विचारांच्या नावाखाली वाचकाला सांगण्याचा मोह होतो. 'मी बीएफएससी झालेली, मालवणच्या मच्छीमाराची मुलगी' असं कुणी स्वतःशी म्हणत नाही. तिला जे माहीतच आहे ते ती मनात सांगणार कुणाला? विचारात तेवढंच यावं ज्याबद्दल तिला आत्ता शंका आहे.

भरतीओहोटी

मुठीचं पटलं. तृतीयपुरुषाबद्दलचंही, टाचणीच्या बाबतीत तरी. पण एक विचारतो. आठवणी कुठे घालायच्या? होडी, झापं, बाबा हे सगळं आलं पाहिजे असं पाणंद म्हणतायत. त्यासाठी मागे जावं लागेल, आणि मागे गेलं की बाक सुटतो.

कातळ

मागे जाऊच नका. घाबरलेल्या माणसाचं डोकं पुढे धावतं, मागे रमत नाही. आठवण आली तरी ती एका वाक्यापुरती, आणि आत्ताच्या कशाला तरी चिकटून. ओल्या तळहाताला प्लास्टिकचं कव्हर चिकटलं, ते सोडवताना झापांचा आवाज आठवला, बस्स. दुसऱ्या वाक्याआधी दार वाजलं पाहिजे. 'तिला तो दिवस आठवला' असं लिहून परिच्छेद बदललात की प्रसंगातली हवा गेली. परत येऊन बाकावर बसल्यावर ताण पहिल्यापासून चढवावा लागतो.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. मधला तुकडा पुन्हा लिहिलाय. पाचवी आत आहे तिथपासून:

> पाचवी अजून आतच होती. एवढा वेळ? म्हणजे खोलात शिरतायत. मृणालने बाटलीचं झाकण फिरवलं, एक घोट घेतला आणि दुसरा घ्यायच्या आत झाकण लावलं. पाणी नको. आत्ताच एकदा जाऊन आलं पाहिजे, पडवीच्या टोकाला आहे, जाऊन यायला तीन मिनिटं, चार धरली तरी सहावा आत गेलेला असेल आणि सहाव्याला किमान आठ तरी, पण सहावा आलाच नसेल तर? तिने बाकावरची माणसं मोजली. आपल्याला सोडून तीन. त्यातला सहावा कोण?
>
> दार वाजलं. ती उठली होती. शिपाई नुसता चहाचे कप घेऊन बाहेर आला. बाकीचे कुणीच उठले नव्हते. तिने उभ्या उभ्या ओढणी सारखी केली, मग फाइल उचलून दुसऱ्या हातात घेतली आणि बसली. कव्हर तळहाताला चिकटलं होतं. सोडवताना ते करकरलं, जूनमध्ये होडीवर झापं ओढताना करकरतात तसं. 1 जून ते 31 जुलै, असे एकसष्ट दिवस. जूनचे तीस. तीसच ना?
>
> फाइलखाली तिने मूठ वळली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. शेजारच्या मुलाने मान वळवली. बोट एप्रिलच्या खळगीत थांबलं.
>
> 'तुमचा कितवा?' त्याने विचारलं.
>
> 'सातवा,' ती म्हणाली. पहिलं अक्षर टाळूला चिकटून सुटलं. घाबरतंस कित्याक? नुसता नंबर तर इचारल्यान.
>
> 'माझा सहावा.'
>
> मग आत्ता जायला हरकत नाही. हा इथेच आहे. हा आत गेला की उठायचं. नाही, हा आत गेला की सातव्याने तयार राहायचं असतं. उठायचं तर आत्ताच. तिने पाय बाकाखालून पुढे घेतले. एप्रिल, मे.

आंबोशी

'ती उठली होती' हे फारच छान. उठली असं न लिहिता उठली होती लिहिलंत, त्यामुळे तिचं तिलाही उशिरा कळल्यासारखं वाटतं. जीभ चिकटणंही बरोबर जागी आलंय, बोलायच्या वेळीच.

पाणंद

मालवणी एवढीच असेल तर माझी तक्रार नाही. स्वतःला रागावताना ती आली, ते बरोबर. आईचा आवाज तोच.

खारफुटी

मलाही इथे अडलं नाही. मात्र 'झापं ओढताना करकरतात तसं' हे मी काढलं असतं. प्लास्टिक आणि झापं यांचा आवाज सारखा नसतो, आणि इतक्या घाईत तिला उपमा सुचेल का?

कातळ

सुरंगी, मूठ आणि उठावं की नाही हे दोन्ही एकमेकांत गुंतवलंत, शेवटच्या 'एप्रिल, मे'मध्ये तर पाय एक करतायत आणि डोकं दुसरंच. मघाचा पडताळा लावून पाहिला. कृती काढली तर 'एप्रिल, मे' कुठून आलं ते कळत नाही, विचार काढले तर बाटली उघडून लगेच का मिटली ते कळत नाही. जोड बसलीय.

दोन गोष्टी. सहावा कोण हा प्रश्न आणि 'माझा सहावा' हे उत्तर यांच्यात अंतर बरोबर आहे, पण 'बाकीचे कुणीच उठले नव्हते' हे लेखकाचं वाक्य झालंय. 'बाकीचे बसलेलेच' एवढं करा, म्हणजे तिने आजूबाजूला पाहिल्यासारखं होईल. दुसरं, टाचणी या तुकड्यात विसरलीय. ओढणी सारखी करताना तिचा हात टाचणीजवळून जाऊ द्या. टोचू देऊ नका. टोचली तर तिला आठवेल, आणि नाव पुकारल्यावरची सगळी धांदल हातची जाईल.

झापांच्या ओळीबद्दल खारफुटींशी मी सहमत नाही. उपमा म्हणून ती ढिली आहे, हे खरं. पण तिथूनच बंदीचा आकडा निघतो. ती ओळ काढली तर '1 जून' आभाळातून पडेल.

खारफुटी

मग उपमा काढा आणि आवाज ठेवा. 'कव्हर करकरलं. झापं. 1 जून ते 31 जुलै.' असं चालेल की.

पाणंद

नुसतं 'झापं' लिहिलं तर अलिबागच्या पलीकडच्याला काय कळणार? आत्ताच तर तुम्ही मालवणीने अडखळायला होतं म्हणत होतात.

सुरंगी

दोन्ही करून बघते. टाचणी आजच घालते. नाव पुकारल्यानंतरचे शेवटचे दीडशे शब्द राहिलेत, तिथे तिला टाचणी सापडावी की नाही हे अजून ठरत नाहीये. सापडली तर संच नीट लावून आत जाईल. न सापडली तर सुटी पानं हातात घेऊन.

भरतीओहोटी

सुटी पानं. आणि वरचं पान कोणतं आहे ते तिला न बघता आत जाऊ द्या.

आंबोशी

मला सापडलेली आवडेल. गार बोटांनी टाचणी चार कागदांतून पार करणं किती अवघड असतं ते लिहायला मिळेल, आणि शिपाई दार धरून उभा आहे.